चौसष्ट लाखांचा अ‍ॅडव्हान्स आणि दहा टक्क्यांची गॅरंटी

निफाड तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. द्राक्ष निर्यातीसाठी दोन प्रीकूलिंग खोल्या आणि चार शीतखोल्या उभारायच्या. इन्सुलेटेड पॅनेल, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कुलर आणि उभारणी मिळून किंमत १ कोटी ६० लाख रुपये, जीएसटी वेगळा. पुरवठादाराने कोटेशनच्या शेवटच्या पानावर अट घातली होती: ४० टक्के अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ६४ लाख, ५० टक्के माल पाठवण्यापूर्वी, उरलेले १० टक्के प्लांट सुरू झाल्यावर. त्याखाली बारीक अक्षरात: ‘१० टक्क्यांची परफॉर्मन्स बँक गॅरंटी उभारणी पूर्ण झाल्यावर दिली जाईल.’ (प्रकरण प्रातिनिधिक आहे. हिशेब नीट कळावा म्हणून आकडे गोल धरले आहेत.)

संचालक मंडळातल्या बहुतेकांना ही अट बरी वाटली. बँक गॅरंटी मिळणारच आहे, मग अडचण काय? अडचण अशी की गॅरंटी मिळणार प्लांट उभा राहिल्यावर, आणि पैसे बुडण्याची सगळ्यात जास्त भीती असते ती प्लांट उभा राहण्याआधी. ऑगस्टमध्ये ६४ लाख दिले आणि ऑक्टोबरमध्ये पुरवठादाराचा कारखाना बंद पडला, तर कंपनीच्या हाती ना माल, ना कागद. हीच १० टक्क्यांची गॅरंटी आधी घेतली असती तरी तिची रक्कम १६ लाखच. खड्डा ४८ लाखांचा राहिलाच असता, आणि मुदत कर्जाचे व्याज वेगळे.

इथे दोन वेगळे कागद लागतात आणि कोटेशनांमध्ये ते सर्रास एकात मिसळलेले असतात. पहिला, अ‍ॅडव्हान्स पेमेंट गॅरंटी: दिलेली उचल मालाच्या रूपाने परत येईपर्यंत तिचे पूर्ण संरक्षण. तिची रक्कम दिलेल्या अ‍ॅडव्हान्सइतकी हवी, आणि त्याबरोबर जीएसटीही भरला असेल तर तो धरून. दुसरा, परफॉर्मन्स गॅरंटी: काम वेळेत झाले नाही, ठरलेल्या क्षमतेने चालले नाही किंवा वॉरंटीत दुरुस्ती टाळली, तर होणाऱ्या नुकसानीपोटी साधारण ५ ते १० टक्के. पहिलीचा जीव काही महिन्यांचा असतो, दुसरीचा दीड-दोन वर्षांचा. एकीने दुसरीचे काम होत नाही. आणि दोन्ही पैसे सोडण्याआधी हातात असाव्या लागतात, कारण एकदा पैसे गेले की मसुद्यातला एक शब्दही बदलून घेण्याची ताकद खरेदीदाराकडे उरत नाही.

कंपनीने पुरवठादाराला तसे कळवले आणि अपेक्षित उत्तर आले: “साहेब, वीस वर्षं धंद्यात आहोत. विश्वास नाही का आमच्यावर?” या प्रश्नाला भावनेने उत्तर देण्यात अर्थ नाही. कंपनीच्या व्यवस्थापकाने दिलेले उत्तर सरळ होते. पैसे पाचशे सभासदांचे आणि कर्ज देणाऱ्या बँकेचे आहेत, लेखापरीक्षणात कागद दाखवावा लागतो, आणि कोटेशन कोणाचेही असते तरी मागणी हीच असती. असे म्हटले की विषय माणसावरून कागदावर येतो.

मग पर्याय पुढे आले. पहिला, पुढच्या तारखेचा चेक. तो न वटल्यास कलम १३८ खाली नोटीस देता येते, खटला भरता येतो. पण खात्यात पैसे नसतील तर चेक पैसे आणत नाही, तारखा आणतो. दुसरा, कंपनीच्या लेटरहेडवरची ‘कॉर्पोरेट गॅरंटी’. जो बुडण्याची भीती आहे त्याचीच सही पुन्हा एकदा, एवढाच तिचा अर्थ. बँक गॅरंटीचे बळ यात आहे की पैसे देणारा तिसरा असतो, आणि खरेदीदार-पुरवठादाराच्या भांडणात त्याला पडायचे नसते.

तिसरी हरकत मात्र खरी होती. बँक गॅरंटी म्हणजे पुरवठादाराच्या बँकेतल्या मर्यादेचा एक तुकडा अडकतो आणि मार्जिन म्हणून मुदत ठेव ठेवावी लागते. “अ‍ॅडव्हान्स द्या, त्यातूनच मार्जिन भरतो आणि आठ दिवसांत गॅरंटी आणून देतो,” असा त्याचा प्रस्ताव होता. हा प्रस्ताव प्रामाणिक असू शकतो, तरी स्वीकारायचा नसतो. त्यावर दोन उपाय निघाले.

एक, अ‍ॅडव्हान्सच कमी केला. ४० टक्के कशाला हवेत, असे खोदून विचारल्यावर कळले की मोठा खर्च कॉम्प्रेसरचा, आणि तो मागवताना उत्पादकाला पैसे द्यावे लागतात. पॅनेल पुरवठादार स्वतःच्या साठ्यातून देणार होता. म्हणून ठरले: नकाशे मंजूर झाल्यावर १० टक्के, म्हणजे १६ लाख; कॉम्प्रेसरची ऑर्डर आणि उत्पादकाची स्वीकृती दाखवल्यावर आणखी १५ टक्के, म्हणजे २४ लाख. एकूण ४० लाख. पुढचे पैसे माल जागेवर उतरल्यावर, पावत्यांप्रमाणे. माल पाठवण्यापूर्वीचे ५० टक्के हे कलमच गेले.

दुसरा, गॅरंटीत एक कलम घातले: ही गॅरंटी पुरवठादाराच्या त्याच बँकेतल्या अमुक क्रमांकाच्या खात्यात अ‍ॅडव्हान्स जमा होताच, जमा झालेल्या रकमेपुरती लागू होईल. यामुळे पुरवठादाराच्या बँकेची भीती गेली. पैसे आपल्याच खात्यात येणार हे तिला कळल्यावर तिने १५ टक्के मार्जिनवर गॅरंटी द्यायला मान्यता दिली. दोन्ही गॅरंट्यांचे मिळून ५६ लाख, त्यावर मार्जिन ८ लाख ४० हजार, आणि त्या ठेवीवर व्याज पुरवठादारालाच.

कमिशनचा हिशेबही टेबलावर मांडला, कारण ‘फार खर्च येतो’ हे वाक्य आकड्याशिवाय फिरत राहते. वर्षाला २ टक्के दर धरला आणि दाव्याच्या मुदतीसह ४० लाखांच्या गॅरंटीला नऊ महिने, १६ लाखांच्या गॅरंटीला तेवीस महिने धरले, तर अनुक्रमे ६० हजार आणि सुमारे ६१ हजार रुपये होतात. त्यावरचा जीएसटी पुरवठादाराला सहसा वळता करून घेता येतो. एकूण सव्वा लाखाच्या आत, म्हणजे ऑर्डरच्या एक टक्क्याहून कमी. कंपनीने त्यातले ६० हजार किमतीत वाढवून देण्याची तयारी दाखवली आणि चर्चा त्या दिवशी संपली.

खरे काम पुढे होते, मसुद्याचे. बँकेच्या छापील नमुन्यात आलेला पहिला मसुदा वाचला तर कागद जाड आणि संरक्षण पातळ, अशी गत होती.

त्यात लिहिले होते की पुरवठादाराने कराराचा भंग केला आहे ‘असे सिद्ध झाल्यास’ बँक पैसे देईल. सिद्ध कोणासमोर? लवादासमोर की न्यायालयात? हा एक शब्दप्रयोग राहिला असता तर गॅरंटी वटवायला आधी दावा जिंकावा लागला असता. हवे ते वाक्य असे: लाभार्थीची पहिली लेखी मागणी येताच, पुरवठादाराला न विचारता, त्याची हरकत किंवा चालू वाद लक्षात न घेता, बँक रक्कम देईल, भंग झाला की नाही याबाबत लाभार्थीचे लेखी म्हणणे बँकेपुरते अंतिम राहील. ‘बिनशर्त’ हा शब्द नुसता असून भागत नाही. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार सरकार या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर अ‍ॅडव्हान्सचीच गॅरंटी होती. तिच्यात बिनशर्त शब्द होता, पण मूळ कराराच्या एका कलमाचा संदर्भ देऊन तिला अटी चिकटल्या होत्या, आणि न्यायालयाने ती सशर्त मानली. म्हणून गॅरंटीत ‘कराराच्या कलम अमुकनुसार’ असे काही दिसले की ते कलम काढून वाचायचे आणि शक्यतो संदर्भच उडवायचा. मसुदा खरोखर बिनशर्त असेल, तर न्यायालये वटवणी सहसा थांबवत नाहीत. उत्तर प्रदेश स्टेट शुगर कॉर्पोरेशन विरुद्ध सुमॅक इंटरनॅशनल या १९९७ च्या निकालाने स्थगितीसाठी ढळढळीत फसवणूक किंवा भरून न येणारे नुकसान, एवढेच अपवाद ठेवले आहेत.

त्याच बिहारच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती छोट्या संस्थांनी जास्त लक्षात ठेवावी. गॅरंटी मुख्य अभियंत्याच्या नावे होती आणि मागणीचे पत्र कार्यकारी अभियंत्याने पाठवले. ती मागणी वैध ठरली नाही. निफाडच्या मसुद्यात लाभार्थी म्हणून ‘अध्यक्ष’ आणि त्यापुढे अध्यक्षांचे व्यक्तिनाव होते. निवडणूक झाली की अध्यक्ष बदलतात. ते काढून कंपनीचे नोंदणीकृत पूर्ण नाव घातले, आणि ‘संचालक मंडळाने अधिकृत केलेली कोणतीही व्यक्ती’ मागणी करू शकेल असे लिहून घेतले. त्यासाठीचा ठरावही त्याच बैठकीत करून ठेवला.

मुदतीत मोठी गफलत होती. परफॉर्मन्स गॅरंटीची मुदत ३१ डिसेंबर टाकलेली, कारण प्लांट १५ डिसेंबरला सुरू व्हायचा होता. पण रिकाम्या खोलीत शून्य अंश दाखवणे म्हणजे चाचणी नव्हे. प्रीकूलिंगची खरी परीक्षा भरलेल्या खोलीतच होते, आणि पुरेशी द्राक्षे जानेवारीच्या उत्तरार्धाशिवाय हाती येत नाहीत. म्हणजे चाचणीच्या दिवशी गॅरंटी मेलेली असती. मुदत मोजायची ती उलट्या बाजूने: चाचणी जानेवारीअखेर, तिथून बारा महिने वॉरंटी, वर दोन महिने. म्हणून ३१ मार्च, पुढच्या वर्षाचा. त्यानंतर मागणी पोचवायला तीन महिने वेगळे. अ‍ॅडव्हान्स गॅरंटीची मुदत पुरवठादाराने ३० नोव्हेंबर सुचवली होती, माल १५ नोव्हेंबरला येणार म्हणून. पंधरा दिवसांचा उशीर तर दिवाळीच खाते. ती १५ फेब्रुवारी केली, दाव्यासाठी १५ मेपर्यंत.

दाव्याच्या मुदतीवरून बँका कधीकधी अडून बसतात: किमान एक वर्ष ठेवा, नाहीतर कमिशन तीन वर्षांचे. याचे मूळ करार कायद्याच्या कलम २८ च्या तिसऱ्या अपवादात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लार्सन अँड टुब्रो विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या निकालात स्पष्ट केले की तो अपवाद न्यायालयात जाण्याच्या मुदतीबद्दल आहे, बँकेकडे मागणी करण्याच्या मुदतीबद्दल नाही. तरी बँक ऐकत नसेल तर भांडत बसण्यापेक्षा वाढीव कमिशन वाटून घेतलेले स्वस्त पडते. इथे बँकेने तीन महिने मानले.

आणखी दोन कलमे घालून घेतली. करारात बदल झाला किंवा पुरवठादाराला मुदतवाढ दिली, तरी बँकेची जबाबदारी कायम राहील. हे नसेल तर करार कायद्याच्या कलम १३३ आणि १३५ खाली जामीनदार सुटू शकतो, आणि मुदतवाढ न देता पूर्ण झालेला शीतगृहाचा प्रकल्प दाखवा! दुसरे, अ‍ॅडव्हान्स गॅरंटीची रक्कम माल येत जाईल तशी उतरेल, पण ती कंपनीच्या लेखी प्रमाणपत्रावर. पुरवठादाराच्या नुसत्या बिलावर नाही. बिल माल निघताना फाटते आणि ट्रक वाटेत असतो.

परफॉर्मन्स कशाला म्हणायचे हे बँकेच्या कागदात नव्हे तर ऑर्डरच्या परिशिष्टात लिहायचे असते. बँक फक्त मागणीचे पत्र पाहते. पण उद्या लवादापुढे मागणी योग्य होती हे दाखवताना परिशिष्टच उपयोगी पडते. ‘उत्तम कूलिंग’ असे लिहिले तर भांडण नक्की. इथे लिहिले ते असे: एका खोलीत ६ टन द्राक्षे, पाच किलोच्या खोक्यांत, मण्याच्या गराचे तापमान २५ अंशांवरून ४ अंशांवर ६ तासांत, बाहेरची हवा ३५ अंशांपर्यंत. मोजणी थर्मामीटरची सुई मण्यात खुपसून, थप्पीच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागातल्या प्रत्येकी तीन खोक्यांत. सगळ्यात गरम खोक्याचे तापमान धरायचे, सरासरी नाही. सरासरीत मागच्या ओळीतली गरम पेटी लपते, आणि परदेशी कंटेनर उघडल्यावर तीच पेटी सापडते.

गॅरंट्या मुद्रांकावर, दोन सह्यांसह कुरियरने आल्या. कागद हाती आला म्हणून पैसे सोडायचे नसतात. बनावट गॅरंटी दिसायला खऱ्यापेक्षा देखणी असू शकते. कंपनीने आधीच आपल्या बँकेचा आयएफएससी कोड कळवला होता, त्यामुळे देणाऱ्या बँकेकडून एसएफएमएस या आंतरबँक संदेशयंत्रणेवर `IFN 760COV` हा संदेश कंपनीच्या शाखेत यायला हवा होता. तो आला, त्यातला क्रमांक, रक्कम आणि तारखा कागदाशी ताडल्या. गॅरंटीत पुढे दुरुस्ती झाली तर तिचा संदेश `IFN 767COV` असतो. संदेश येत नसेल तर शाखेला पत्र लिहून खात्री करायची, आणि पत्ता बँकेच्या संकेतस्थळावरून घ्यायचा, गॅरंटीच्या लेटरहेडवरून नाही.

आणि इथेच सगळे फिसकटता फिसकटता राहिले. मुदत कर्जाचे पैसे कर्ज देणारी बँक थेट पुरवठादाराला पाठवणार होती, प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर छापलेल्या खात्यात. ते खाते दुसऱ्याच बँकेतले होते. वर्षानुवर्षे तोच छापील नमुना चालत आला होता. पैसे तिथे गेले असते तर गॅरंटीतली ‘अमुक खात्यात जमा होताच’ ही अट पुरी झाली नसती, आणि इतकी घासून-पुसून घेतलेली गॅरंटी जन्मलीच नसती. आरटीजीएस करण्यापूर्वी लेखापालाने खाते क्रमांक दोन्ही कागदांवर बोट ठेवून जुळवून पाहिले, म्हणून लक्षात आले. सुधारित प्रोफॉर्मा मागवला, तीन दिवस गेले. पैसे गेल्यावर बँकेकडून ‘रक्कम जमा झाली, गॅरंटी लागू झाली’ असे दोन ओळींचे पत्रही घेतले.

पुढे कॉम्प्रेसर उशिराच आले. जानेवारीच्या मध्यापर्यंत ४० लाखांपैकी २६ लाखांचा माल जागेवर होता आणि गॅरंटी महिनाभरात संपणार होती. दाव्याची मुदत मेपर्यंत असली, तरी मुदत संपण्याआधी घडलेल्या भंगासाठीच ती वापरता येते, हे लोक विसरतात. कंपनीने मुदत संपायच्या तीन आठवडे आधी थेट बँकेला पत्र दिले आणि प्रत पुरवठादाराला. मजकूर एवढाच:

“आपली गॅरंटी क्रमांक अमुक, तिची मुदत १५ फेब्रुवारी रोजी संपत आहे. पुरवठादाराने अ‍ॅडव्हान्सपैकी १४ लाख रुपयांच्या मालाचा पुरवठा केलेला नाही व करारभंग झाला आहे. गॅरंटीची मुदत १५ एप्रिलपर्यंत वाढवून ८ फेब्रुवारीपर्यंत तसे कळवावे. अन्यथा हे पत्र हीच आमची १४ लाख रुपयांची लेखी मागणी समजून रक्कम आमच्या खात्यात जमा करावी.”

‘मुदत वाढवा नाहीतर पैसे द्या’ असे हे पत्र. ‘कृपया मुदतवाढीचा विचार व्हावा’ असे लिहिले असते, तर ते विनंतीपत्र ठरले असते, मागणी नाही. चार दिवसांत मुदतवाढ आली, आणि तिचा संदेश कंपनीच्या शाखेतही आला.

चाचणी फेब्रुवारीत झाली. पहिली खोली ६ तासांच्या आत उतरली. दुसरीत मागच्या ओळीतली खोकी ७ तास २० मिनिटांनी ४ अंशांवर आली. पुरवठादार म्हणाला, खोकी चुकीची रचली. तपासल्यावर थोडे तसेही निघाले: थप्पीवरची ताडपत्री भिंतीपर्यंत ताणलेली नव्हती, त्यामुळे थंड हवा खोक्यांमधून खेचली जाण्याऐवजी बाजूने पळत होती. ताडपत्री ताणून पुन्हा चाचणी घेतली, तरी साडेसहा तास लागले. मग कुलरचा एक पंखा उलटा फिरत असल्याचे सापडले. वायरिंगमधले दोन फेज अदलाबदल झाले होते. ते बदलल्यावर ५ तास ५० मिनिटे. दोन्ही बाजूंनी चाचणीच्या तक्त्यावर सह्या केल्या आणि वॉरंटीची तारीख त्या दिवसापासून धरली. मात्र परफॉर्मन्स गॅरंटी जानेवारीअखेरची चाचणी धरून काढलेली होती. चाचणी तीन आठवडे लांबल्यामुळे वॉरंटीनंतर ठेवलेल्या दोन महिन्यांतले तेवढे दिवस कमी झाले. तिची मुदत ३० एप्रिलपर्यंत वाढवून दिल्याशिवाय शेवटचे बिल निघणार नाही, असे कळवल्यावर ती दुरुस्ती आठवड्यात झाली.

अ‍ॅडव्हान्स गॅरंटीचे काम मार्चमध्ये संपले. मूळ कागद आणि ‘आमचा कोणताही दावा नाही’ हे पत्र कंपनीने त्याच आठवड्यात बँकेला परत केले, कारण ते मिळेपर्यंत पुरवठादाराची मर्यादा आणि मार्जिन अडकून राहते. परत करताना गॅरंटी क्रमांक दोनदा वाचला गेला: पाकिटात अ‍ॅडव्हान्सची गॅरंटी जायला हवी, परफॉर्मन्सची नाही.